कर्ज की भागीदार? ईबीआयटीचा तटस्थता बिंदू आणि तो जे सांगत नाही ते

दिवाळीत कोल्हापूरला गेले होते. फराळ संपायच्या आत मामांनी एक कागद पुढे सरकवला. मामांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, ट्रॅक्टर आणि पंपांसाठी कास्टिंग्ज करतात. नवी मोल्डिंग लाइन टाकायची आहे, 12 कोटी लागणार. बँक कर्ज द्यायला तयार आहे आणि पुण्याचे एक गुंतवणूकदार भाग घ्यायला तयार आहेत. "तुझी पीएचडी ह्याच्यावरच हाय न्हवं? मग सांग बघू, बँकेचं घ्यावं का पावण्याचं?"

कागदावर त्यांच्या सीएने एकच आकडा लाल पेनाने गोल केला होता: 7.60 कोटी. शेजारी लिहिलं होतं, "ह्याच्या वर नफा गेला तर कर्ज, खाली राहिला तर शेअर." कॉमर्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याने केलेलं हे गणित आहे, मीही दहा मार्कांसाठी केलंय. पण घरातल्या माणसाची फॅक्टरी समोर असली की त्याच गणिताकडे वेगळं बघावं लागतं. त्या संध्याकाळी जे बोलणं झालं ते इथे मांडते. आकडे मी बदलले आहेत आणि सोपे केले आहेत, गणिताचा आकार मात्र तोच आहे.

आधी परिस्थिती. कंपनीचे आज 40 लाख शेअर्स आहेत, सगळे घरातल्या लोकांकडे. जुनं कर्ज 10 कोटींचं, 10 टक्क्यांनी, म्हणजे वर्षाचं व्याज 1 कोटी. नव्या 12 कोटींसाठी पहिला पर्याय असा, की पुण्याच्या पाहुण्यांना ₹120 भावाने 10 लाख शेअर्स द्यायचे. मग एकूण शेअर्स 50 लाख होतात, व्याज 1 कोटीच राहतं. दुसरा पर्याय, बँकेकडून 12 कोटींचं मुदत कर्ज 11 टक्क्यांनी. शेअर्स 40 लाखच राहतात, पण 1.32 कोटींचं नवं व्याज येतं आणि एकूण व्याज 2.32 कोटी होतं. कर 25 टक्के धरू. (कलम 115बीएए खाली अधिभार आणि उपकर मिळून तो 25.17 टक्के होतो, पण त्या पाव टक्क्याहून कमी फरकासाठी डोकं नको खपवायला.)

आता ईबीआयटी म्हणजे व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा. माल, पगार, वीज, घसारा हे सगळं गेल्यावर उरलेला. त्यातून व्याज काढा, कर काढा, उरलेल्याला शेअर्सच्या संख्येने भागा, की एका शेअरमागची मिळकत येते, म्हणजे ईपीएस. ज्या ईबीआयटीला दोन्ही पर्यायांचा ईपीएस सारखाच येतो तो तटस्थता बिंदू, वर्गात आपण सगळे ज्याला इनडिफरन्स पॉइंट म्हणतो. सूत्र असं:

```
(EBIT - I1)(1 - t) / N1 = (EBIT - I2)(1 - t) / N2
```

I1, N1 म्हणजे शेअर्सच्या पर्यायातलं व्याज आणि शेअर्सची संख्या, I2, N2 कर्जाच्या पर्यायातली. कर दोन्ही बाजूंना सारखाच आहे, तो उडून जातो. रक्कम कोटीत आणि शेअर्स लाखात ठेवले तर (EBIT − 1) ÷ 50 = (EBIT − 2.32) ÷ 40. तिरकस गुणाकार केला की 10 EBIT = 76, म्हणजे 7.60 कोटी. सीएचा लाल आकडा बरोबर आहे. ताळा घ्यायचा तर 7.60 मधून 1 गेला, 6.60 राहिले, कर जाऊन 4.95 कोटी, भागिले 50 लाख, ₹9.90. कर्जाच्या बाजूने 5.28 कोटी, कर जाऊन 3.96 कोटी, भागिले 40 लाख, पुन्हा ₹9.90.

मामांना सूत्र दाखवलं नाही. त्यांना हेच वेगळ्या तऱ्हेने सांगितलं, आणि मला वाटतं ही तऱ्हा सूत्रापेक्षा चांगली आहे. पाहुणे आले तर ते 50 लाखांतल्या 10 लाखांचे मालक, म्हणजे पाचव्या हिश्श्याचे वाटेकरी. जुनं व्याज गेल्यावर जे उरेल त्याचा पाचवा हिस्सा त्यांचा, कमी असो की जास्त. बँक मात्र ठरलेलेच 1.32 कोटी नेणार. मग प्रश्न एवढाच राहतो, की पाचवा हिस्सा 1.32 कोटींएवढा कधी होतो? उरलेली रक्कम 6.60 कोटी असते तेव्हा. त्यात जुनं व्याज 1 कोटी मिळवा, 7.60. "म्हंजे त्याच्या वर पावणा महाग, त्याच्या खाली बँक महाग," मामा म्हणाले. अगदी हेच.

नवी लाइन पूर्ण चालली तर ईबीआयटी 9 कोटींवर जाईल असा मामांचा अंदाज आहे. तिथे शेअर्सच्या पर्यायात ईपीएस ₹12.00 येतो, कर्जाच्या पर्यायात ₹12.53. ईबीआयटी 5 कोटींवर घसरला तर उलटं होतं: शेअर्सला ₹6.00, कर्जाला ₹5.03. आलेख काढलात तर दोन सरळ रेषा दिसतील. कर्जाची रेषा जास्त खडी, शेअर्सची जरा आडवी, आणि 7.60 ला दोघींची भेट.

इथपर्यंत पुस्तक आहे. बहुतेक प्रश्नपत्रिकाही इथेच थांबतात. माझं पहिलं भांडण इथून सुरू होतं.

बिंदूवरचा ईपीएस पुन्हा बघा, ₹9.90. आता शेअरचा भाव ₹120 घ्या, त्यावर कर्जाचं व्याज 11 टक्क्यांनी काढा, ₹13.20 येतात. त्यातून 25 टक्के कर वजा करा. ₹9.90! हा योगायोग नाही. कर्जाची रक्कम आणि शेअर्समधून येणारी रक्कम सारखी असेल तर हे नेहमीच असं येतं. कारण एक शेअर विकणं म्हणजे ₹120 आणण्यासाठी एका शेअरची मिळकत देऊन टाकणं, आणि तेवढेच ₹120 बँकेकडून आणायला कर वाचवून ₹9.90 पडतात. दोन्ही खर्च जिथे सारखे, तिथे तटस्थता. म्हणजे ईबीआयटीच्या नावाने आपण जे शोधतोय ते खरं तर एवढंच आहे, की शेअर ज्या भावाने विकतोय त्या भावावरची मिळकत टक्केवारीत किती, आणि करोत्तर व्याजदर किती (इथे 8.25 टक्के).

हे एकदा दिसलं की बिंदू कशाने हलतो तेही कळतं. पाहुण्यांनी भाव पाडून ₹100 दिला, तर 12 लाख शेअर्स द्यावे लागतील आणि बिंदू 6.72 कोटींवर येईल. ₹150 दिला तर 8 लाख शेअर्समध्ये काम होईल आणि बिंदू 8.92 वर चढेल. व्यवसाय तोच, लाइन तीच, जोखीम तीच, आणि निकाल फक्त वाटाघाटीतल्या भावावर फिरतोय. मामांच्या 9 कोटींच्या अंदाजाला ₹150 भावात कर्ज आणि शेअर जवळपास एकाच पातळीवर येतात, आणि त्याच्या थोडं वर भाव गेला की हाच तक्ता "शेअर काढा" सांगायला लागतो.

इथेच एक जुनी चूक दबा धरून बसलेली असते. शेअरचा भाव मिळकतीच्या 25 पट असेल तर मिळकत भावाच्या 4 टक्केच पडते, आणि करोत्तर 8.25 टक्क्यांचं कर्ज त्यापुढे महाग दिसतं. म्हणून भागभांडवल स्वस्त? नाही. ज्याने 25 पट भाव दिलाय तो आजच्या 4 टक्क्यांसाठी देत नाही, उद्याच्या वाढीसाठी देतो, आणि ती वाढ जुन्या मालकांच्या खिशातून त्याला जाणार असते. ईपीएसच्या तक्त्यात फक्त एका वर्षाची मिळकत दिसते, उद्याची वाढ दिसत नाही. शेअरचा खर्च हा गुंतवणूकदाराला अपेक्षित असलेला परतावा असतो. चालू मिळकत आणि भाव यांचं गुणोत्तर ही वेगळीच चीज आहे.

दुसरी बाजूही सांगते. मोदिग्लियानी आणि मिलर यांनी 1958 च्या त्यांच्या लेखात मांडलं होतं, की करांचा प्रश्न बाजूला ठेवला आणि बाजार नीट चालत असला तर कर्जाने शेअरमागची अपेक्षित मिळकत वाढते, पण शेअरची जोखीमही तेवढ्याच प्रमाणात वाढते, आणि म्हणून कंपनीचं एकूण मूल्य काही हलत नाही. 1963 मध्ये त्यांनी कराचा फायदा हिशेबात घेऊन स्वतःचंच म्हणणं दुरुस्त केलं. पण मुद्दा राहतोच. 9 कोटींना ₹12.53 हे ₹12.00 पेक्षा 53 पैशांनी जास्त आहेत ह्यातून मालक 53 पैशांनी श्रीमंत झाला असं सिद्ध होत नाही. ते 53 पैसे खडी रेषा पत्करल्याबद्दलचे आहेत. भाव गडगडला की तीच खडी रेषा खाली नेते.

मामांच्या मेहुण्यांनी मध्येच सुचवलं, की बाहेरचा माणूस कशाला, घरच्यांनाच ₹60 ला राइट्स देऊन टाका. सूत्रात घातलं तर 20 लाख शेअर्स, बिंदू थेट 4.96 कोटींवर, आणि तक्ता ओरडून सांगतो की कर्जच घ्या. ही फसवणूक आहे. घरच्यांनाच हिश्श्याप्रमाणे स्वस्तात शेअर्स मिळाले तर कोणाचं काहीच बुडत नाही. उजव्या हातातून डाव्या हातात. ईपीएस खाली दिसतो कारण शेअर्सचे तुकडे बारीक झाले, भाकरी तेवढीच आहे. सवलतीच्या राइट्समध्ये बोनसचा अंश असतो, आणि ईपीएसचे लेखामानक मागच्या वर्षांचा ईपीएस त्यानुसार सुधारून घ्यायला सांगतं ते ह्याचसाठी. राइट्स असेल तर हे सूत्र आहे तसं वापरू नका.

आता खरी काळजीची गोष्ट. बिंदूचं गणित व्याजापाशी थांबतं. बँक नुसतं व्याज घेऊन थांबत नाही, मुद्दल मागते, आणि मुद्दलाचा हप्ता नफा-तोट्याच्या पत्रकात कुठेच दिसत नाही. ईपीएसला त्याचा पत्ताच नसतो.

बँकेने 12 कोटी सहा वर्षांत फेडायला सांगितलंय, म्हणजे वर्षाला 2 कोटी. जुन्या कर्जाचा हप्ता 1 कोटी. पहिल्या वर्षाचं व्याज 2.32. म्हणजे वर्षाला 5.32 कोटी रोख बँकेला गेलेच पाहिजेत. रोख येते कुठून? ईबीआयटीत घसारा मिळवा, कारण घसाऱ्याचे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत. जुना आणि नवा मिळून घसारा साधारण 1.50 कोटी. त्यातून कर काढा. ईबीआयटी 7.60 असताना 9.10 मधून 1.32 कर जाऊन 7.78 कोटी रोख उरते, 5.32 च्या 1.46 पट. ठीक आहे. ईबीआयटी 5 असताना हेच 5.83, म्हणजे जेमतेम 1.10 पट. बँकेचा अधिकारी ह्याला डीएससीआर म्हणतो आणि 1.10 बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. ईबीआयटी 4 झाला तर रोख 5.08, देणं 5.32. हप्ता चुकला. आणि त्याच वर्षी ईपीएस काढून बघा: ₹3.15, नफा चक्क अधिक! कागदावर कंपनी नफ्यात, आणि खातं थकीत.

रोख आणि देणं जिथे सारखं होतं तो ईबीआयटी काढला तर 4.32 कोटी येतो. मी त्याला मनातल्या मनात "धोक्याची रेघ" म्हणते, पुस्तकी नाव नाही हे. मामांना मी विचारलं, जुन्या प्लांटचा ईबीआयटी मागच्या आठ वर्षांत किती वेळा साडेचारच्या खाली गेला? ते थोडा वेळ गप्प बसले. दोनदा. 2019 ला वाहनउद्योग मंदावला तेव्हा आणि लगेच पुढे लॉकडाऊनमध्ये. दोन्ही वर्षं लागोपाठ.

"पण आता नवी लाइन असंल की," मामी म्हणाल्या. असेल. पण मंदीत नवी लाइन वाचवत नाही, उलट ओढते. 12 कोटींच्या यंत्राचा पंधरा वर्षांच्या हिशेबाने वर्षाला साधारण 75 लाख घसारा लागतो, आणि तो ईबीआयटीच्या आधीच वजा होतो. ऑर्डर नसल्या तर नवी लाइन आधी स्वतःचा घसारा भरून काढेल तेव्हा कुठे शून्यावर येईल. म्हणून वाईट वर्षाचा अंदाज करताना "जुना ईबीआयटी अधिक थोडंफार" असं धरू नका. "जुना ईबीआयटी, कदाचित त्याहून कमी" असं धरा. मामांची दोन वाईट वर्षं 4.20 च्या आसपासची होती. रेघ 4.32 ला आहे.

सीएच्या कागदावर कर्ज आणि भागीदार असे दोनच रकाने होते. तिसरा रकाना मी आखला, अर्धं-अर्धं. बँकेकडून 6 कोटी, पाहुण्यांकडून 6 कोटी. शेअर्स 45 लाख, एकूण व्याज 1.66 कोटी. आता ह्याचा तटस्थता बिंदू किती? (EBIT − 1.66) ÷ 45 = (EBIT − 1) ÷ 50. सोडवा. पुन्हा 7.60!

मी पहिल्यांदा हे करून बघितलं होतं तेव्हा वाटलं, चुकलं काहीतरी. चुकलेलं नव्हतं. वर बघितलंच, की बिंदूवर एका शेअरची मिळकत आणि त्याच्या भावावरचं करोत्तर व्याज सारखं असतं. मग तिथे एक शेअर कमी विकून तेवढं कर्ज घेतलं काय किंवा उलट केलं काय, ईपीएस ₹9.90 च राहणार. भाव आणि व्याजदर बदलत नाहीत तोवर कर्ज-शेअरच्या प्रत्येक मिश्रणाची रेषा त्याच एका बिंदूतून जाते, फक्त तिचा चढ बदलतो. दाराच्या बिजागरीसारखं आहे हे. दार कितीही उघडा, बिजागरी हलत नाही. म्हणजे "किती कर्ज घ्यावं" ह्या प्रश्नाला तटस्थता बिंदूकडे उत्तरच नाही. तो फक्त सांगतो, की बिजागरीच्या कोणत्या बाजूला उभे राहणार असाल तर दार कुठे फिरवलेलं बरं.

धोक्याची रेघ मात्र हलते, आणि चांगलीच हलते. अर्ध्या-अर्ध्यात नव्या कर्जाचा हप्ता 1 कोटी, जुन्याचा 1 कोटी, व्याज 1.66, एकूण देणं 3.66 कोटी. रोख आणि देणं बरोबरीत यायला ईबीआयटी फक्त 2.33 कोटी लागतो. 4.32 वरून 2.33. मामांची सगळ्यात वाईट दोन वर्षं आता रेघेच्या बरीच वर. आणि ह्यासाठी चांगल्या वर्षी किती सोडावं लागतं? 9 कोटींना अर्ध्या-अर्ध्याचा ईपीएस ₹12.23. म्हणजे पूर्ण कर्जाच्या तुलनेत शेअरमागे 30 पैसे. आणि पाहुण्यांचा वाटा पाचवा न राहता नववा.

पूर्ण कर्जातच मुदत आठ वर्षं करून घेतली तर? तेही बघितलं. हप्ता दीड कोटी होतो आणि रेघ 3.65 वर येते. ईपीएसला काहीही फरक पडत नाही, पहिल्या वर्षी तरी. माझ्या मते बँकेशी पाव टक्का व्याजासाठी घासाघीस करण्यापेक्षा दोन वर्षं मुदत वाढवून मागणं जास्त मोलाचं आहे. व्याज पाव टक्क्याने उतरलं तर वर्षाला 3 लाख वाचतात. मुदत वाढली तर वाईट वर्षी 50 लाख हातात राहतात.

एक सूचना, कोणी हे स्वतःच्या धंद्याला लावून बघणार असेल तर. पहिल्या वर्षाचा ईपीएस घेऊ नका. यंत्रं उभी राहीपर्यंतचं व्याज बऱ्याचदा यंत्राच्या किमतीत मिळवलं जातं, नफा-तोट्यात येतच नाही, त्यामुळे कर्जाचा पर्याय त्या वर्षी फुकटात गोड दिसतो. लाइन पूर्ण सुरू झाल्यानंतरचं वर्ष घ्या. आणि ईबीआयटीचा एकच अंदाज न घेता मागच्या सात-आठ वर्षांचे खरे आकडे एका ओळीत लिहून काढा. मग त्यावर दोन रेघा मारा, एक तटस्थतेची आणि एक धोक्याची, आणि कोणत्या रेघेखाली किती वर्षं पडतात ते मोजा.

मामांनी दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन लावला. "बारा नको, सहा घेऊया." पाहुणे तयार आहेत, पण भाव ₹110 वर आणू बघतायत. तसं झालं तर बिजागरी 7.60 वरून 7.16 कोटींवर सरकेल. मामांनी दोन्ही आकडे चोपडीत लिहून ठेवलेत, आणि बँकेला आठ वर्षांच्या मुदतीचं पत्र गेलंय.